समिती, 'किंवा' आणि मध्येच घुसणारे शब्द: क्रियापद नेमके कोणाचे ऐकते?

प्रश्न: "मी एका संस्थेचे अहवाल आणि सूचनापत्रे तपासतो. 'समिती दाखल झाली आहे' की 'झाली आहेत'? 'दाखला किंवा पावती जोडलेला असावा' की 'जोडलेली'? आणि 'सदस्यांची यादी लावण्यात आल्या आहेत' अशी वाक्ये माझ्या नजरेतून सारखी निसटतात. शाळेत 'क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते' एवढेच शिकलो. या सगळ्याला लागू पडेल असा एखादा नियम आहे का?"

शाळेतला तो नियम अर्धाच आहे आणि तुमची बरीचशी अडचण तिथूनच सुरू होते. मराठीत क्रियापद दरवेळी कर्त्यामागे जात नाही. 'समिती अहवाल लिहिते' यात ते समितीचे ऐकते. 'समितीने अहवाल लिहिला' म्हटले की अहवालाचे ऐकते. 'समितीने सदस्यांना बोलावले' यात तर कोणाचेच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ बसते. यालाच आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतो. पण अहवाल तपासताना प्रयोग ओळखत बसायला कोणाला वेळ असतो? मी स्वतः एवढेच बघतो की वाक्यात प्रत्यय न लागलेले नाम कोणते आहे. ने, ला, चा-ची-चे, त, हून, सह, साठी यांपैकी काहीही नामाला चिकटले की ते सामान्यरूपात जाते आणि क्रियापदावरचा त्याचा हक्क संपतो. मोकळे नाम एकच उरले तर क्रियापद त्याचे. दोन उरली आणि त्यातले एक कर्ता असेल, तर कर्त्याचे. एकही उरले नाही, तर 'बोलावले', 'ठरवले' अशा रूपात क्रियापद थांबते.

या नियमाला दोन अपवाद आहेत आणि ते आधीच सांगून टाकतो. 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांना सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात 'ने' दिसत नाही, तरी बहुतेक वेळा तो आहे असे धरायचे. म्हणून 'मी चिठ्ठी लिहिली'. दुसरा अपवाद काळ आणि अंतर दाखवणाऱ्या शब्दांचा. 'बैठक सलग तीन दिवस चालली' यात 'दिवस' प्रत्ययाशिवाय आहे, पण ते किती वेळ हे सांगते, क्रियापदाशी त्याचा व्यवहार नाही. तरी 'बैठक तीन दिवस चालले' असे वाक्य मी छापलेलेही पाहिले आहे. लिहिणाऱ्याचा हात जवळच्या शब्दाकडे गेला, एवढेच.

आता या चुका नजरेतून निसटतात कशा, ते पाहू. मराठी भूतकाळात दोन जोड्या दिसायला अगदी सारख्या आहेत. 'आले' हे पुल्लिंगी अनेकवचन आहे आणि नपुंसकलिंगी एकवचनही: पोलीस आले, पथक आले. 'आली' हे स्त्रीलिंगी एकवचन आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनही: तुकडी आली, पथके आली. बोलताना पहिल्या जोडीतला फरक ऐकू येतो, कारण आपण 'पथक आलं' आणि 'पोलीस आले' म्हणतो. पूर्वी लेखनातही तो दिसायचा: 'पथक आलें', 'पथकें आलीं' असे अनुस्वार देत. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी उच्चारात नसलेले हे अनुस्वार काढले. लिहिणे सोपे झाले, पण तपासणाऱ्याचा एक आधार गेला. लिहिणाऱ्याच्या मनात पोलीस होते की पथक, हे 'दाखल झाले' एवढ्यावरून आता कळत नाही. चूक असली तरी ती झाकली जाते आणि पुढच्या वाक्यात 'त्यांनी' किंवा 'त्याने' आले की विसंगती वर येते.

म्हणून संशय आला की मी वाक्याच्या शेवटी मनातल्या मनात 'आहे' किंवा 'आहेत' जोडून पाहतो. 'पथक दाखल झाले आहे', 'पोलीस दाखल झाले आहेत'. झाकलेले वचन लगेच उघडे पडते. किंवा क्रियापद वर्तमानकाळात नेतो, कारण 'येतात' हे तिन्ही लिंगांत अनेकवचनच असते. 'पथक येतात' असे म्हणून बघा, जीभच अडखळते.

समूहवाचक नामांचा प्रश्न यामुळे बराच सोपा होतो. समिती, तुकडी, गर्दी, जनता, संघ, जमाव, मंडळ, पथक, दल ही सगळी नामे आत कितीही माणसे असली तरी एकवचनी आहेत आणि त्यांचे लिंग ठरलेले आहे. समितीचे पंधरा सदस्य आले तरी 'समिती आली आहे'. ब्रिटिश इंग्रजीत समिती किंवा संघ यांना अनेकवचनी क्रियापद चालते. ते वाचून-ऐकून आपल्याकडे 'संघ मैदानात उतरले आहेत' असे लिहिले जाते. मराठीत याचा अर्थ एकच होतो: एकाहून अधिक संघ उतरले. एकाच संघाचे खेळाडू म्हणायचे असतील तर सरळ 'संघाचे खेळाडू उतरले आहेत' असे लिहावे. मतभेदाच्या वाक्यात तर हे करावेच लागते. 'समितीत मतभेद झाले' ठीक, 'सदस्यांची मते वेगळी पडली' त्याहून स्पष्ट. पण 'समिती आपापल्या मतांवर ठाम आहेत' हे मराठी नाही. 'आपापल्या' म्हणायला अनेक माणसे लागतात आणि समिती व्याकरणात एकटी आहे.

या यादीत एक शब्द मात्र बंडखोर आहे, तो म्हणजे 'मंडळी'. कोशात तो स्त्रीलिंगी एकवचनी. 'सगळी मंडळी जमली' यात काहीच कळत नाही, कारण वर सांगितलेली 'आली' ची जोडी इथे आडवी येते. 'आहे' ची चाचणी लावली तर? 'घरची मंडळी आली आहे' असे लिहिणारे आहेत, 'घरची मंडळी आली आहेत' असे म्हणणारे त्याहून जास्त. हाक मारताना आपण 'मंडळींनो' म्हणतो, 'मंडळींनी' आणि 'मंडळींना' हे सर्रास वापरतो, आणि ही रूपे अनेकवचनाचीच आहेत. म्हणजे माणसे या अर्थाने हा शब्द अनेकवचनाकडे सरकलेला आहे. माझा निर्णय असा: नाटकमंडळी, भजनी मंडळी अशी एखादी संस्था म्हणायची असेल तर एकवचन, पाहुणे, घरचे लोक, मित्र असा अर्थ असेल तर अनेकवचन. काही जाणकार संपादक सगळीकडे एकवचनच ठेवतात आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही. एका मजकुरात मात्र दोन्ही नकोत.

मापाच्या शब्दांत वेगळीच गंमत आहे. पुढची दोन वाक्ये पाहा: 'कागदांचा एक गठ्ठा भिजला आहे' आणि 'एक गठ्ठा कागद भिजले आहेत'. प्रसंग एकच, क्रियापद वेगळे, आणि दोन्ही वाक्ये बरोबर. पहिल्यात कागदांना 'चा' लागला, म्हणून मोकळा राहिला गठ्ठा. दुसऱ्यात 'एक गठ्ठा' हे किती, ते सांगणारे माप झाले आणि मोकळे नाम उरले 'कागद'. त्याचप्रमाणे 'पाण्याचा पेला सांडला' आणि 'पेलाभर पाणी सांडले'. इथे फसायला होते ते मिश्रणात: 'कागदांचा एक गठ्ठा भिजले आहेत'. लिहिणाऱ्याने सुरुवात एका रचनेने केली आणि शेवट दुसरीने.

आता 'किंवा' कडे वळू. तुमच्या दाखला-पावतीच्या वाक्याचे उत्तर 'जोडलेली असावी' हे आहे. किंवा, अथवा, वा, नाहीतर यांनी जोडलेल्या नामांत क्रियापद शेवटच्या नामाचे ऐकते, कारण दोघांची बेरीज होत नाही, त्यातले एकच खरे ठरणार असते. 'मूळ दाखला किंवा पावती जोडलेली असावी'. क्रम उलटा केला तर 'पावती किंवा मूळ दाखला जोडलेला असावा'. नकारातही हेच: 'त्याच्याकडे ओळखपत्र किंवा पावती नव्हती'. अर्थाने दोन्ही गोष्टी नव्हत्या, तरी क्रियापद पावतीपाशीच राहते.

यातली एक बारीक गोष्ट अनेकांना खटकते आणि ते ती 'दुरुस्त' करून बिघडवतात. 'तुमचा दाखला किंवा पावती हरवली असेल तर' या वाक्यात सुरुवातीला 'तुमचा' पुल्लिंगी आणि शेवटी 'हरवली' स्त्रीलिंगी. हे चुकलेले नाही. नामाआधीचे विशेषण त्याच्या लगेच पुढे असलेल्या नामाशी जुळते आणि क्रियापद त्याच्या लगेच मागे असलेल्या नामाशी. दोन्ही टोके एकसारखी करायच्या नादात 'तुमची दाखला किंवा पावती' लिहू नका. फारच खटकत असेल तर 'तुमचा दाखला किंवा तुमची पावती' असे दोनदा म्हणा. एक शब्द वाढेल, पण कान दुखणार नाही.

'किंवा' च्या दोन्ही बाजूंची लिंगे वेगळी असतील आणि वाक्य लांबलचक असेल, तर मी बहुतेक वेळा जुळवणी टाळतो. मराठीने त्यासाठी तीन चांगल्या वाटा दिलेल्या आहेत. पहिली '-ल्यास'. 'चूक किंवा दोष आढळला तर' यात लिंग सांभाळावे लागते. 'चूक किंवा दोष आढळल्यास' यात लागत नाही, कारण '-ल्यास' चे रूप बदलतच नाही. कार्यालयीन मराठीवर आपण बरीच टीका करतो, पण तिची ही एक सवय उपयोगाची आहे. दुसरी वाट भविष्यकाळाची. 'येईल', 'राहील' यांना लिंग नसते, त्यामुळे 'एखादा सदस्य किंवा त्याची प्रतिनिधी उपस्थित राहील' यात फक्त वचन सांभाळायचे. तिसरी वाट 'ने' लावण्याची: 'सदस्याने किंवा त्याच्या प्रतिनिधीने उपस्थित राहावे'. दोन्ही नामांना 'ने' लागला, क्रियापद मोकळे झाले. यात एकच पथ्य पाळायचे. 'सदस्य किंवा त्याच्या प्रतिनिधीने' असे लिहून पहिल्या नामाला उघडे सोडू नये. उघडे नाम दिसले की वाचणारा त्यालाच कर्ता समजायला लागतो. 'आई किंवा वडिलांनी सही करावी' हे वाक्य म्हणूनच लंगडते. 'आईने किंवा वडिलांनी सही करावी' हवे. आणि हो, इथे 'करावी' हे सहीमुळे आहे. मोकळे नाम ते एकच.

क्रियापदाआधी मध्येच घुसणाऱ्या शब्दांसाठी नवा नियम लागत नाही, फक्त तोच नियम धीराने लावावा लागतो. 'सदस्यांची यादी लावण्यात आल्या आहेत' यात सदस्यांना 'ची' लागलेली आहे, म्हणजे ते बाहेर. यादी मोकळी आहे. 'लावण्यात आली आहे'. अशा वाक्यात चूक होते ती बहुधा अनेकवचनी शब्दाच्या गर्दीमुळे: 'सर्व विभागांच्या प्रलंबित अर्जांच्या नोंदींची पडताळणी'. विभाग, अर्ज, नोंदी असे तीन अनेकवचनी शब्द ओळीने येतात आणि पडताळणी बिचारी शेवटी एकटी. चा-ची-चे ची साखळी दिसली की तिच्या शेवटच्या नामावर बोट ठेवा, क्रियापद त्याचेच.

नावांच्या यादीनंतर येणारे 'यांची', 'यांना', 'यांनी' हेही असेच काम करतात. 'अध्यक्षा, सचिव आणि खजिनदार यांची निवड झाली' यात तीन माणसे 'यां' मध्ये गोळा झाली, त्यांना 'ची' लागली आणि मोकळी राहिली ती निवड. 'यांच्या निवडी झाल्या' असे काही जण मुद्दाम लिहितात. व्याकरणाने चालते, पण एकाच ठरावात तिघांना निवडले असेल तर 'निवड' पुरते.

'सह' आणि 'तसेच' मात्र काळजीपूर्वक वेगळे ठेवा, कारण अर्थ जवळपास एक असूनही त्यांचे व्याकरण वेगळे आहे. 'संस्था तिच्या तीन शाखांसह सहभागी होणार आहे'. इथे शाखांना 'सह' लागला, त्या गणतीत नाहीत. 'संस्था तसेच तिच्या तीन शाखा सहभागी होणार आहेत'. इथे 'तसेच' हे 'आणि' चे काम करते, म्हणून बेरीज होते आणि अनेकवचन येते. स्वल्पविराम किंवा आडव्या रेघा घातल्याने यात फरक पडत नाही. 'तसेच' पुढचे नाम मोकळे आहे की नाही, एवढेच बघायचे.

हे सगळे एका वाक्यावर लावून दाखवतो. अशी वाक्ये तुमच्याकडेही येत असतील:

'जुन्या दस्तऐवजांच्या तपासणीसाठी नेमलेल्या समितीच्या तीन बैठका झाल्या असून, तिच्या निरीक्षणांचा अहवाल, छायाचित्रे व नकाशांसह, पुढील महिन्यात सादर करण्यात येणार आहेत.'

पहिला भाग बरोबर आहे. दस्तऐवज, तपासणी, समिती सगळ्यांना प्रत्यय आहेत, बैठका मोकळ्या, म्हणून 'झाल्या'. दुसऱ्या भागात निरीक्षणांना 'चा', महिन्याला 'त', नकाशांना 'सह'. मोकळी नामे दोन उरतात: अहवाल आणि छायाचित्रे. खरी मेख इथे आहे. लिहिणाऱ्याला छायाचित्रांनाही 'सह' लावायचा होता, पण तो फक्त नकाशांना लागला. छायाचित्रे उघडी राहिली, म्हणून अनेकवचन बरोबर असल्याचा भास होतो आणि 'आहेत' तपासणाऱ्याच्याही डोळ्यांखालून जाते.

हे वाक्य दोन प्रकारे सुधारता येते आणि कोणता प्रकार घ्यायचा, ते काय सादर होणार आहे यावर ठरते. नकाशे आणि छायाचित्रे ही अहवालाची जोडपत्रे असतील, तर 'तिच्या निरीक्षणांचा अहवाल, छायाचित्रे व नकाशे यांच्यासह, पुढील महिन्यात सादर करण्यात येणार आहे'. तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सादर होणार असतील, तर 'सह' काढून 'अहवाल, छायाचित्रे व नकाशे पुढील महिन्यात सादर करण्यात येणार आहेत'. हे लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. मी अशा वाक्यापाशी समासात प्रश्नचिन्ह करतो आणि पान परत पाठवतो. 'आहेत' चे 'आहे' करणे सोपे असते, पण त्याने कधी कधी कागदपत्रांची संख्याच बदलते.

दोन ठिकाणी मात्र हा नियम तुम्हाला पूर्ण उत्तर देणार नाही. एक म्हणजे आदरार्थी अनेकवचन. 'अध्यक्ष किंवा एखादा सदस्य' यात शेवटचे नाम एकवचनी, म्हणून 'उपस्थित राहील'. उलट क्रमाने 'एखादा सदस्य किंवा अध्यक्ष उपस्थित राहतील'. दोन्ही बरोबर, पण पहिल्या वाक्यात अध्यक्षांचा मान राहिला नाही असे कोणाला वाटू शकते. अशा वेळी मी आदराचे नाम शेवटी ठेवतो, वाद मिटतो. शेवटी अध्यक्षा असतील तर भूतकाळात 'उपस्थित होत्या' असे होईल, हे लक्षात ठेवा.

दुसरे ठिकाण पुरुषांचे. 'तू किंवा मी जाईन' हे नियमाने बरोबर आहे आणि कानालाही चालते. 'मी किंवा तू जाशील' हेही नियमाने बरोबर, पण ऐकताना मी स्वतः सुटलो आणि काम तुझ्या गळ्यात घातले, असे वाटते. इथे क्रियापद जुळवत बसण्यापेक्षा 'आपल्यापैकी एक जण जाईल' असे लिहितो. 'आपल्या' ला 'पैकी' लागलेला आहे, मोकळे आहे ते 'एक जण', आणि 'जाईल' त्याच्याशी नीट बसते.